ठासणीची बंदूक पुन्हा भरून होईपर्यंत बंदूकवाल्यांचे रक्षण कोण करत असे?

मातीचा_किल्ला

दिवाळीत किल्ला करण्याची हौस पन्नाशी उलटली तरी सुटलेली नाही. फक्त मावळ्यांच्या जागी परदेशी सैनिक आले आणि मातीच्या जागी प्लायवूड. या वर्षी इंग्लंडच्या यादवी युद्धातील, म्हणजे १६४० च्या दशकातील, पायदळाची एक पलटण मांडायला घेतली आहे. बोटाच्या पेराएवढे ७२ सैनिक रंगवून झाले आहेत. त्यांपैकी २४ जण लांब भालेवाले आणि ४८ जण बंदूकवाले आहेत, कारण त्या काळी एका भाल्यामागे दोन बंदुका असे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाई. मधोमध भाल्यांचा गट आणि दोन्ही बाजूंना बंदुका, इथपर्यंत शंका नाही.

अडचण पुढची आहे. समोरून शत्रूचे घोडदळ येत आहे असा क्षण मला दाखवायचा आहे. बंदूक एकदा उडवली की पुन्हा भरायला मिनिटभर तरी लागे, असे सगळीकडे लिहिलेले असते. मग त्या मिनिटात बंदूकवाले नेमके कुठे उभे राहत असत? भाल्यांच्या मागे, भाल्यांच्या रांगांमध्ये, की पुढे धरलेल्या भाल्यांच्या खाली? मी तिन्ही प्रकारची चित्रे पाहिली आहेत. शिवाय एक उलट शंकाही आहे: भालेवाल्यांना बंदूकवाल्यांचा काही उपयोग होता, की हे संरक्षण एकतर्फीच होते? गोंदाची बाटली उघडून बसलो आहे, तेव्हा जाणकारांनी कृपया लवकर लिहावे.

टवाळ_कारकून

आपल्याकडे पाईक म्हणजे शिपाई आणि त्यांच्याकडे पाइक म्हणजे शिपायाच्या हातातला भाला, त्यामुळे त्यांचा पाईक पाइक घेऊन उभा राहत असे. एवढे सांगून मी गोंद वाळेपर्यंत रजा घेतो.

पेशवाई_प्रेमी

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पानिपतावर इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी कवायती पद्धतीने लढल्या, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी कोणी भालेवाले नव्हते. रांगेने बार काढायचे आणि शत्रू अंगावर आला की संगीन लावायची. बंदूकवाला स्वतःचे रक्षण स्वतःच करतो, त्यामुळे आपला प्रश्नच मुळात उद्भवत नाही.

हेमाडपंती

पेशवाई_प्रेमी, पानिपत १७६१ चे आहे आणि धागाकर्ते विचारत आहेत ते त्याच्या सव्वाशे वर्षे आधीचे. बंदुकीच्या टोकाला संगीन बसू लागली तेव्हा प्रत्येक बंदूकवाला आखूड का होईना, पण भालेवालाही झाला आणि म्हणूनच लांब भाला निवृत्त झाला. फ्रान्सने तो १७०३ मध्ये सैन्यातून काढून टाकला. त्यापूर्वी ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांना वाटून दिलेली होती आणि प्रश्न त्या वाटणीचाच आहे.

ही वाटणी समजायची तर आधी ते एक मिनिट कशात जात असे ते पाहावे लागेल. बंदूक तोड्याची होती, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी सतत धुमसत ठेवायची आणि चाप ओढला की तिचे पेटते टोक नळीच्या बुडाशी वाटीत ठेवलेल्या दारूवर, म्हणजे रंजकावर टेकायचे. बार उडाल्यावर पहिले काम म्हणजे तो जळता तोडा बंदुकीपासून सोडवून डाव्या हाताच्या बोटांत धरणे, कारण पुढची सगळी हाताळणी उघड्या दारूची असते. मग रंजकाच्या वाटीत फुंकर मारून ठिणगी उरलेली नाही ना ते पाहायचे, रंजक घालून झाकण लावायचे आणि झाकणावर सांडलेले कण फुंकून टाकायचे. नंतर बंदूक उलटी फिरवून तिचे तोंड वर आणायचे, गळ्यातल्या पट्ट्याला टांगलेल्या लाकडी नळकांड्यातली मोजकी दारू नळीत ओतायची, गोळी टाकायची, गज काढून ठासायचे आणि गज परत जागेवर लावायचा. एवढे झाल्यावर तोडा पुन्हा बंदुकीच्या घोड्यात अडकवून त्याची लांबी जुळवायची, निखाऱ्यावर फुंकर मारायची आणि मग नेम धरायचा. याकोब द खेन या डच चित्रकाराने १६०७ मध्ये ही हालचाल चित्रांतून दाखवली, तेव्हा एकट्या जड बंदुकीसाठी त्याला ४३ चित्रे लागली.

या सगळ्यात गर्दी चालत नाही. शेजाऱ्याच्या गळ्यात दारूची डझनभर नळकांडी लटकत आहेत आणि तुमच्या हातातली दोरी दोन्ही टोकांना पेटलेली आहे, अशा स्थितीत खांद्याला खांदा लावून उभे राहणे म्हणजे आत्मघात. त्यामुळे बंदूकवाल्यांना विरळ उभे राहावे लागे, तर घोडदळ थोपवायचे तर दाट उभे राहावे लागे. केवळ वेळ कमी पडतो एवढीच अडचण नव्हती. एकाच रांगेला एकाच वेळी विरळ आणि दाट होता येत नाही, ही त्याहून मोठी अडचण होती.

कोकणातला_बाबू

माझा लढाईशी संबंध नाही, पण ठासणीच्या बंदुकीशी आहे. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. ती तोड्याची नव्हती, केपाची होती. दारू मापायची, वर काथ्याचा बोळा ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज आणि शेवटी मागच्या बोंडीवर केप. चौदा-पंधरा वर्षांचा असताना मी घड्याळ लावून पाहिले होते: दिवसा अंगणात, कोणी अंगावर येत नसताना, मला सव्वा मिनिट लागले होते. रात्री हात थरथरत असताना किती लागत असेल याची कल्पना करावी.

सांगायचे हे की, रानडुकरावर जाताना आजोबा एकटे कधीही जात नसत. बरोबर आमचा गडी भाला घेऊन असे, आणि बार काढला की आजोबा मागे सरून फणसाच्या खोडाला पाठ लावत आणि भरायला घेत. गडी तोपर्यंत पुढे उभा. डुक्कर जखमी होऊन उलटले तर ते आधी भाल्यावर यावे, असा हिशोब होता. आजोबांनी इंग्लंडचे यादवी युद्ध ऐकलेलेही नव्हते.

टवाळ_कारकून

परत आलो. दोन माणसांची पलटण, एक भाला आणि एक बंदूक. प्रमाण चुकले, पण फणस धरला तर तिघे होतात.

शून्यलब्धी

हेमाडपंतींनी सांगितलेले मिनिट मी थोडे आकड्यांत मांडून पाहतो. बंदुकीचा मारा दाट गटावर साधारण १०० मीटरपर्यंत उपयोगी धरू. रांग न मोडता दुडक्या चालीने येणारे घोडदळ मिनिटाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ते १०० मीटर ओलांडायला त्याला २५ ते २७ सेकंद लागतील. शेवटच्या टप्प्यात भरधाव सुटले तर त्याहूनही कमी.

आता बंदूकवाले सहा ओळी खोल उभे आहेत असे समजू. पहिल्या ओळीने बार काढायचा, वळून आपल्याच मागच्या माणसांमधल्या वाटेने शेवटी जायचे आणि तिथे भरत राहायचे. दरम्यान दुसरी ओळ, मग तिसरी. भरायला मिनिट लागते आणि ओळी सहा आहेत, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक ओळ उडेल आणि मारा अखंड राहील. कागदावर फार सुंदर दिसते. पण २५ सेकंदांत फक्त दोन किंवा तीन ओळींना संधी मिळते. उरलेल्या तीन ओळींच्या बंदुका भरलेल्या असूनही त्यांच्यासमोर आपलीच माणसे आहेत, आणि पहिल्या ओळीच्या नळीत तोपर्यंत जेमतेम दारू पडलेली आहे. मारा अखंड असणे आणि मारा पुरेसा असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

रणनीती_१९

हे गणित बरोबर असले तरी निष्कर्ष पटला नाही. आळीपाळीने बार काढण्याची युक्ती सापडल्यावर भाल्यांची खरी गरज संपलीच होती. पुढची शंभर वर्षे ते केवळ परंपरा म्हणून बाळगले गेले. १५२२ मध्ये मिलानजवळ बिकोका येथे स्पेनच्या बंदूकवाल्यांनी चार ओळींनी आळीपाळीने मारा करून स्विस भालेवाल्यांची फळी कापून काढली, सुमारे तीन हजार माणसे पडली. त्यानंतर स्पेनने तीन हजार माणसांचा चौरस बनवला, त्याला तेर्सिओ म्हणत, आणि त्यातले बंदूकवाले भाल्यांच्या आत सुरक्षित उभे राहून गोळ्या झाडत. म्हणजे धागाकर्त्यांनी बंदूकवाले सरळ आत चिकटवावेत.

हेमाडपंती

रणनीती_१९, बिकोकाची आठवण योग्य आहे, पण तिथे स्विसांना भिडण्याआधी एक खोलगट रस्ता ओलांडून मातीचा बांध चढावा लागला, आणि बंदूकवाले त्या बांधावर उभे होते. भाल्यांचे काम तिथे बांधाने केले होते. उघड्या मैदानावर बांध नसतो, म्हणून तो माणसांचा उभारावा लागतो.

तेर्सिओचे तीन हजार हे मुख्यतः हजेरीपटावरचे. रणांगणावर त्यातून लहान गट बनत, आणि बंदूकवाले भाल्यांच्या पोटात नव्हे तर कडेला आणि चार कोपऱ्यांवर बाह्यांसारखे जोडलेले असत. स्पॅनिश भाषेत त्या गटांना बाही या अर्थाचाच शब्द आहे. आत उभा राहिलेला माणूस पुढच्याच्या डोक्यात गोळी घातल्याशिवाय झाडू शकत नाही, हे आपण शून्यलब्धींच्या उरलेल्या तीन ओळींवरून पाहिलेच.

आळीपाळीने मागे जाण्याची डच पद्धतही भाले हटवण्यासाठी आलेली नाही. फ्रीसलंडच्या विल्यम लुईने डिसेंबर १५९४ मध्ये आपला चुलतभाऊ, डच सेनापती मॉरिस याला पत्र लिहून ती आकृतीसह सुचवली. कल्पना त्याला एलियन या प्राचीन लेखकाच्या ग्रीक कवायतीवरील ग्रंथातून सुचली होती. पण मॉरिसच्या पलटणींत भाले शेवटपर्यंत मधोमध राहिलेच.

रणनीती_१९

बांधाचा मुद्दा मान्य. कोपऱ्यांवरच्या गटांचे मला माहीत नव्हते. तरीही भाले जितके टिकले तितके टिकायला हवे होते का, याबद्दल माझी शंका कायम आहे.

लीड्सहून_नमस्कार

मी गेली सहा वर्षे इथल्या एका हौशी मंडळात त्या काळच्या लढाया मैदानावर सादर करतो, भालाही धरला आहे आणि बंदूकही. दोन-तीन गोष्टी हाताला जशा जाणवल्या तशा सांगतो.

आमचा भाला ॲश लाकडाचा आणि १६ फुटांचा आहे. उभा धरला तर फारसा जड नाही, पण आडवा करून खांद्याच्या उंचीवर पुढे धरला की टोक खाली लोंबते आणि वाऱ्यात वेताच्या काठीसारखे डोलते. दोन मिनिटांत पुढचा दंड भरून येतो. भाला पुढे केलेला असताना डावीकडे वळता येत नाही. आधी सगळ्यांनी भाले उभे करायचे, मग वळायचे, मग पुन्हा आडवे करायचे. म्हणजे बाजूने घोडे आले तर भालेवाल्यालाही वेळ हवा असतो. घोड्यांसाठीचा पवित्रा निराळाच आहे: भाल्याचे बूड उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, डाव्या हाताने तो तिरपा धरून टोक घोड्याच्या छातीच्या उंचीवर आणायचे, वाकून उभे राहायचे आणि उजव्या हाताने तलवार काढायची. घोड्याचा भार मग हातावर न येता जमिनीवर जातो.

आता धागाकर्त्यांचा प्रश्न. आम्ही एकदा सरावात बंदूकवाल्यांना त्या तिरप्या भाल्यांच्या खाली गुडघ्यावर बसवून पाहिले. बसता येते, बारही काढता येतो. पण भरता येत नाही. चार फुटांची नळी आणि तेवढाच गज. तोंड वर करून गज बाहेर ओढायचा तर डोक्यावर तेवढी मोकळी जागा हवी, आणि डोक्यावर तर भाल्यांचे छप्पर आहे. माझा गज दोनदा शेजारच्या भाल्यात अडकला आणि एकदा माझ्या तोड्याने पुढच्याच्या कोटाला भोक पाडले. आमच्या मंडळात नळीत गोळी घालत नाहीत, तेव्हा खऱ्या सैनिकाचे काम याहून अवघडच होते. मला वाटते, भाल्यांच्या खाली जायचे ते भरलेली बंदूक घेऊनच.

कोकणातला_बाबू

हे अगदी खरे आहे. माळ्यावरच्या पडवीत आजोबांची बंदूक भरता येत नसे, गज वाशाला लागत असे. भरायला अंगणातच यावे लागे.

निवृत्त_मास्तर

चर्चा उत्तम चालली आहे, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. भाल्यांच्या खाली बसलेले बंदूकवाले आपल्याला प्रामुख्याने कवायतीच्या पुस्तकांत दिसतात. कवायतीची पुस्तके लिहिणारे लोक नीटनेटक्या आकृत्यांच्या प्रेमात असतात; मी छत्तीस वर्षे पी.टी.च्या तासाला मुलांना रांगेत उभे केले आहे आणि आकृतीप्रमाणे रांग किती वेळ राहते ते मला ठाऊक आहे. प्रत्यक्ष लढाईत धूर, घोड्यांचा आवाज आणि भेदरलेली माणसे असताना हे किती वेळा घडले?

माझ्या वाचनातला एक दाखला मात्र थेट रणांगणावरचा आहे. एप्रिल १५४४ मध्ये उत्तर इटलीत चेरेझोले येथे फ्रेंच बाजूच्या ब्लेझ द मोंल्युक या अधिकाऱ्याने भाल्यांच्या पहिल्या ओळीच्या लगेच मागे बंदूकवाल्यांची एक ओळ घातली. त्यांनी बार राखून ठेवायचा आणि शत्रू भाल्याच्या अंतरावर आला की समोरच्या ओळीतल्या नायकांवरच झाडायचा, असा बेत होता. गंमत अशी की समोरच्या जर्मनांनीही तीच युक्ती केलेली होती. दोन्हीकडून एकदम बार निघाले आणि दोन्ही बाजूंची पुढची ओळ जवळजवळ पूर्ण पडली. मोंल्युकने हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. लीड्सकरांच्या अनुभवाशी हे जुळते: ते बंदूकवाले भाल्यांत शिरले ते भरून, एकाच बारासाठी.

शून्यलब्धी

मास्तरांच्या शंकेला भूमितीचाही आधार आहे. १६४५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने जी नवी फौज उभी केली तिच्या पायदळाच्या प्रत्येक पलटणीत कागदावर १२०० माणसे होती. म्हणजे ४०० भाले मध्ये आणि दोन्ही बाजूंना चारचारशे बंदुका. सहा ओळी खोल धरल्या तर प्रत्येक बाजूला सुमारे ६७ माणसांची रुंदी होते. बंदूकवाल्यांना माणशी तीन फूट लागत असतील तर एक बाजू साठ मीटरच्या आसपास पसरते.

आता अगदी टोकाला उभा असलेला बंदूकवाला घ्या. जड बंदूक, पेटता तोडा, गळ्यात वाजणारी नळकांडी घेऊन त्याला साठ मीटर पळून भाल्यांपाशी पोचायचे आहे आणि घोडे २५ सेकंदांवर आहेत. एकटा माणूस पोचेल. चारशे माणसे एकाच वेळी एकाच दिशेने पळाली तर ती वाटेत एकमेकांना तुडवतील आणि भालेवाल्यांची रांगही मोडतील. शिवाय भालेवाले दाटून दीडदीड फुटांवर उभे राहिले तर त्यांची रुंदी तीस मीटरच उरते. त्या तीस मीटरच्या आसऱ्याला आठशे जण कसे मावणार?

मातीचा_किल्ला

मोजपट्टी घेऊन पाहिले. माझ्या प्लायवूडवरही मावत नाहीत. शून्यलब्धी, आता मी काय करावे?

हेमाडपंती

आकडा बरोबर आहे, पण त्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. पलटणी क्वचितच पूर्ण भरलेल्या असत. आजार, पळून जाणे आणि थकलेले पगार यांनी १२०० चे निम्मे होणे नवलाचे नव्हते. दुसरे म्हणजे सगळ्या बंदूकवाल्यांना आसऱ्याला येण्याची गरज पडू नये, अशीच सेनापतींची धडपड असे. मोकळ्या मैदानावर पायदळाच्या दोन्ही कडांना स्वतःचे घोडदळ उभे केले जाई, दुसरी पलटण मागच्या अंतरात ठेवली जाई, आणि मिळाले तर झुडपांचे कुंपण किंवा चर हाताशी धरला जाई. भाला हा शेवटचा आसरा होता, पहिला नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बार राखणे. घोडेस्वाराला भीती असते ती न उडालेल्या बंदुकीची. सगळ्यांनी झाडून टाकले आहे हे दिसले की तो निर्धास्त येतो. म्हणून चांगला अधिकारी सहापैकी दोन-तीन ओळींना काहीही झाले तरी झाडू देत नसे. स्वीडनच्या गुस्ताव आडोल्फसने याच्या उलट जुगार खेळला. त्याच्या बंदूकवाल्यांच्या तीन ओळी, पहिली गुडघ्यावर, दुसरी वाकून आणि तिसरी उभी, एकदम झाडत आणि लगेच हल्ला करत. १६३१ मध्ये ब्राइटनफेल्डला ती पद्धत गाजली. पण त्या एका गडगडाटानंतर बराच वेळ त्यांच्या हातात लाकडाचा दांडाच उरत असे, आणि अशा वेळी भाले जवळ असावे लागत.

पेशवाई_प्रेमी

मी सुरुवातीला पानिपत आणले ते चुकले, हे मान्य करतो. पण मग एक विचारतो: आपल्या डोंगरात हे का आले नाही? भाले आपल्याकडेही होते, विटेकरी होते, तोड्याच्या बंदुकाही होत्या.

हेमाडपंती

सोळा फुटांचा भाला घेऊन शंभर माणसे दीड फुटाच्या अंतराने चालवायला सपाट, मोकळी जमीन लागते. घाटातल्या पाऊलवाटेवर तो भाला पहिल्या वळणावरच कारवीत अडकेल. शिवाय ज्याला दोरी बांधून फेकून परत ओढायचा तो विटा आणि बूड जमिनीत रोवून धरायचा हा भाला, यांचे काम अगदीच वेगळे. याहून अधिक बोललो तर धागा सह्याद्रीत हरवेल.

निवृत्त_मास्तर

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे भालेवाल्यांना बंदुकांचा काय उपयोग, अजून कोणी वळलेले नाही. एकट्या भाल्यांचे काय होते हे सप्टेंबर १५१५ मध्ये मारिन्यानो येथे स्विसांनी अनुभवले. फ्रेंच घोडदळ त्यांना भाल्यांमुळे फोडू शकले नाही, पण ते पुन्हापुन्हा अंगावर येत राहिल्यामुळे स्विसांना थांबून, दाटून उभे राहणे भाग पडले आणि त्या दाट, थांबलेल्या गटांवर तोफा चालल्या. पुढच्या काळात पिस्तुले घेतलेले घोडेस्वार आले, तेव्हा तर जवळ न येताच भाल्यांच्या टोकांपलीकडून झाडून परत जाणे शक्य झाले. सोळा फुटांच्या भाल्याला वीस फुटांवरच्या पिस्तुलाचे काहीच करता येत नाही. त्याला दूर ठेवायचे ते लांब पल्ल्याच्या बंदुकीने. म्हणून उपकार एकतर्फी नव्हते: घोडा जवळ आला तर भाला बंदुकीला वाचवी आणि घोडा जवळ न येता त्रास देऊ लागला तर बंदूक भाल्याला.

१६४३ मध्ये रोक्रुआ येथे स्पेनच्या पायदळाचे हेच झाले. बाकीचे सैन्य मोडल्यावरही ते एका जागी उभे राहून फ्रेंच घोडदळाचे हल्ले परतवत राहिले, पण शेवटी तोफा आणल्या गेल्या.

रणनीती_१९

म्हणजे माझ्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. शत्रूपाशी तोफा असतील तर दाट उभे राहणे हा दोषच ठरतो.

हेमाडपंती

दोष खरा, पण भाले नसण्याचा दोष किती मोठा होता हे १६८९ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकीला दिसले. सरकारी फौजेचा सेनापती मॅके याच्या पायदळाला संगिनी मिळालेल्या होत्या, पण त्या थेट नळीच्या तोंडात खुपसायच्या जातीच्या होत्या. संगीन लावली की बार काढता येत नाही, आणि बार काढल्याशिवाय संगीन लावायला कोणी तयार नसते. डोंगरी लोक उतारावरून तलवारी घेऊन इतक्या वेगाने आले की जवळून बार काढल्यानंतर संगीन खुपसायला वेळच उरला नाही. मॅकेने स्वतः पराभवाचे हेच कारण सांगितले. समोर घोडदळ नाममात्रच होते, बाकी पायी माणसेच होती. नळीला बाहेरून कडीने बसणारी आणि बार काढू देणारी संगीन आली, तेव्हा कुठे भाल्याशिवाय उभे राहणे परवडू लागले.

टवाळ_कारकून

म्हणजे बंदूकवाल्याला आधी भालेवाला सांभाळी, मग त्याच्या बंदुकीलाच भाला बांधला गेला आणि भालेवाला घरी गेला. आमच्या कार्यालयात टंकलेखकाचे असेच झाले.

लीड्सहून_नमस्कार

एक गोष्ट राहिली. मैदानावर खरे घोडे आमच्या भाल्यांसमोर आणले गेले, तेव्हा शिकवलेले घोडेही टोकांपासून दोन-तीन मीटरवर अडले आणि बाजूला वळले. स्वार टाचा मारत होता, घोडा ऐकत नव्हता. पण रांगेत एक जण दचकून भाला वर करून मागे सरला, त्या फटीकडे मात्र घोड्याने लगेच मान वळवली. त्यामुळे भाले मोजताना मला संख्येपेक्षा फटी महत्त्वाच्या वाटतात.

मातीचा_किल्ला

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री जागून मांडणी पुन्हा केली. भाल्यांचे २४ जण दाट, सहा-सहांच्या चार ओळींत, पुढच्या दोन ओळींचे भाले बूड पायाशी टेकवून तिरपे. त्यासाठी बारा जणांचे हात पुन्हा तापवून वाकवावे लागले. त्यांच्या पुढच्या दोन ओळींच्या मध्ये, मोंल्युकची आठवण ठेवून, चार बंदूकवाले गुडघ्यावर बसवले आहेत आणि त्या चौघांच्या बंदुका भरलेल्या आहेत असे मी मानले आहे. भाल्यांच्या मागे मोकळ्या जागेत सोळा जण उभ्याने गज मारत आहेत, डोक्यावर काहीही अडणार नाही अशा बेताने. उरलेल्यांपैकी वीस जण दोन्ही बाजूंनी आत येत आहेत, त्यांतले काही अजून बरेच लांब.

अगदी उजव्या टोकाचे आठ जण मात्र हातात राहिले आहेत. शून्यलब्धींच्या हिशोबाने ते वेळेत पोचत नाहीत आणि तिथे चर किंवा कुंपण नाही. त्यांना बंदूक उलटी धरून दस्त्याने मारायला उभे करावे, की मागच्या पलटणीकडे पळताना दाखवावे, हे ठरलेले नाही. तोपर्यंत त्यांच्या पायाखाली गोंद न लावता लोहचुंबक बसवले आहेत.

निवृत्त_मास्तर

त्यांना पळताना दाखवा, पण दोघांनी मागे वळून पाहिलेले असू द्या, आणि तोडा मात्र विझवू नका.